तिसऱ्या राउंडआधी घेतलेली माघार : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण माझ्या एका जुन्या सहकारी बाईंचं आहे. पूर्वी त्या माझ्या टीममध्ये होत्या, त्यामुळे नोकरी बदलायची वेळ आली की अजूनही फोन करतात. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, कंपनीचं नाव देत नाही. पुढे त्यांना नुसतं ‘उमेदवार’ म्हणेन. मी स्वतः बरीच वर्षं पॅनलवर बसून मुलाखती घेतल्या आहेत. त्यामुळे माघारीचं पत्र पलीकडच्या बाजूला कसं वाचलं जातं, हेही अधूनमधून सांगेन.

पार्श्वभूमी

उमेदवाराला अकरा वर्षांचा अनुभव. सर्व्हर, डिप्लॉयमेंट, देखरेख अशी पायाभूत कामं करणाऱ्या टीममध्ये त्या वरिष्ठ इंजिनिअर होत्या आणि आता टीम लीड व्हायचं होतं. एका मैत्रिणीने तिच्या कंपनीतल्या जागेसाठी नाव सुचवलं. जाहिरातीत लिहिलं होतं : सहा जणांच्या टीमचं नेतृत्व, जुनी व्यवस्था बदलून नवी उभारणं, आणि ‘उत्पादन व्यवस्थेची संपूर्ण मालकी’. शेवटची ओळ आम्ही दोघांनीही वाचली आणि दोघांनीही सोडून दिली. तिचा अर्थ पुढे उलगडला.

प्रक्रिया पाच टप्प्यांची होती. आधी रिक्रूटरशी अर्ध्या तासाचा फोन, मग घरी करायची एक असाइनमेंट आणि तिच्यावर एका इंजिनिअरबरोबर तासभराची चर्चा, मग तिघांच्या पॅनलसमोर दीड तासाचा डिझाइन राउंड, त्यानंतर मॅनेजर आणि शेवटी डायरेक्टर. पहिला फोन छान झाला. पगाराचा पट्टा जुळला, नोटीस पिरियडची अडचण नव्हती. असाइनमेंटला त्यांनी सहा तास दिले आणि ती आवडल्याचंही कळलं.

उमेदवाराच्या घरची एक गोष्ट इथे सांगायला हवी. वडिलांचं डायलिसिस चालू होतं. आठवड्यातून तीनदा, पहाटेची वेळ, दर वेळी साधारण चार तास. तीनपैकी दोन दिवस वडिलांना नेणं-आणणं उमेदवाराकडे होतं आणि उरलेला दिवस भाऊ बघत होता. तरी ऑन-कॉलला, म्हणजे आठवडाभर रात्री-अपरात्रीही बिघाडाचा अलर्ट आला की उठून तो बघायच्या पाळीला, त्यांची ना नव्हती. सध्याच्या नोकरीत सात जणांच्या पाळीत त्या होत्याच. आपली पाळी आली की भाऊ तो आठवडा पूर्ण सांभाळायचा. सात आठवड्यांतून एकदा हे जमत होतं.

अडचण कशी समोर आली

दुसरा राउंड शुक्रवारी संध्याकाळी झाला. समोर त्याच टीममधला एक इंजिनिअर होता. असाइनमेंटवरची चर्चा संपल्यावर शेवटची दहा मिनिटं उमेदवाराच्या प्रश्नांसाठी होती. बहुतेक लोक इथे ‘टीमचं वातावरण कसं आहे?’ असं विचारतात आणि ‘छान आहे’ असं उत्तर घेऊन परततात. यांनी विचारलं, “मागच्या आठवड्यात तुम्हाला रात्री किती वेळा उठावं लागलं?”

तो थोडा थांबला. मग म्हणाला, “चार वेळा. पण त्याच्या आधीच्या आठवड्यात माझी पाळी नव्हती.”

“म्हणजे पाळी किती जणांत आहे?”

“सध्या आम्ही दोघंच आहोत.”

जाहिरातीत सहा जणांची टीम होती. प्रत्यक्षात सहा मंजूर जागा होत्या. त्यातली एक लीडची, म्हणजे हीच. उरलेल्या पाचांपैकी तीन रिकाम्या होत्या. दोन इंजिनिअर आठवड्याआड पाळी करत होते. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली : अलर्ट आला की पाच मिनिटांत तो स्वीकारायचा आणि पंधरा मिनिटांत लॅपटॉपसमोर बसायचं. लीडही पाळीत असणार, हे त्याने गृहीतच धरलं होतं.

रात्री उमेदवाराचा फोन आला. “सर, काम मला आवडलंय. माणूसही चांगला वाटला. पण हे मला झेपणार नाही असं वाटतंय. गुरुवारी अकराला पुढचा राउंड आहे. काय करू?”

आकडे मांडून बघितले. तिघांच्या पाळीत दर तिसरा आठवडा मुख्य जबाबदारीचा, म्हणजे वर्षाला सुमारे सतरा आठवडे. मुख्य माणूस उठला नाही किंवा अडकला तर मदतीला दुसरा माणूस ठेवतात. ती दुय्यम पाळीही याच तिघांत फिरणार, म्हणजे आणखी सतरा आठवडे. वर्षाच्या बावन्नपैकी चौतीस आठवडे लॅपटॉप हाताशी ठेवायचा. तुलनेसाठी एक माहितीतला ठोकताळा आहे. गूगलच्या साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंगच्या लोकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, एकाच ठिकाणी बसणाऱ्या टीमला चोवीस तासांची मुख्य आणि दुय्यम पाळी चालवायची तर किमान आठ माणसं हवीत, असं म्हटलं आहे. म्हणजे प्रत्येकाला महिन्यातून एकच आठवडा. सगळ्या कंपन्यांना आठ परवडत नाहीत आणि सहांमध्येही बऱ्याच टीम निभावतात. पण तीन म्हणजे पाळी उरतच नाही. नेहमीचं काम आणि पाळी यांत फरक राहत नाही.

शिवाय रात्री चार वेळा उठावं लागणं हे लक्षणही होतं. ज्या टीममध्ये अलर्ट इतके येतात, तिथे दिवसा नव्या व्यवस्थेची उभारणी होत नसते. दिवसा लोक आदल्या रात्रीचं निस्तरत असतात. म्हणजे जाहिरातीतलं आकर्षक काम निदान पहिलं वर्षभर हाती लागणार नव्हतं.

पहिला निर्णय : हे पक्कं आहे का?

उमेदवार शनिवारीच नकार कळवायला निघाल्या होत्या. मी थांबवलं. कारण हातात होतं ते एका माणसाचं तोंडी उत्तर. तो थकलेला असेल, चिडलेला असेल, किंवा तिघांनी ऑफर स्वीकारली असून पुढच्या महिन्यात ते येणार असतील आणि याला ते माहीतही नसेल. अर्धवट माहितीवर माघार घेतली तर चांगली जागा हातची जाऊ शकते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं. टीममध्ये दोनच माणसं होती आणि त्यांतल्या एकाने दुसऱ्या राउंडमध्ये खरं सांगितलं. उद्या माघारीच्या पत्रात ‘तुमच्या इंजिनिअरने सांगितलं की रात्री चार वेळा उठावं लागतं’ असं लिहिलं, तर त्या प्रामाणिक माणसाची खरडपट्टी निघणार. पुढच्या उमेदवारांना तो ‘वातावरण छान आहे’ एवढंच सांगेल. तेव्हा तीच माहिती रिक्रूटरकडून, अधिकृतपणे मिळवायची होती. म्हणजे नकार त्या माहितीवर आधारता येतो आणि त्या इंजिनिअरचं नाव कुठेच येत नाही.

सोमवारी सकाळी उमेदवाराने रिक्रूटरला मेल केला. त्यात तीनच प्रश्न होते, आणि कोणत्याही लीडच्या उमेदवाराने विचारावेत असे :

पाळीत सध्या किती जण आहेत आणि लीड धरून किती होतील?
टीमच्या मंजूर जागांपैकी किती भरलेल्या आहेत?
रिकाम्या जागांपैकी किती जणांनी ऑफर स्वीकारली आहे?

सगळ्यात कामाचा प्रश्न तिसरा. ‘जागा भरणार आहोत’ असं उत्तर कुठेही मिळतं. ‘किती जणांनी स्वीकारली’ याला मात्र आकडाच द्यावा लागतो. दुपारी उत्तर आलं : पाळीत सध्या दोन, लीड धरून तीन. पाचांपैकी तीन जागा रिकाम्या. कुणीही ऑफर स्वीकारलेली नाही. त्या जागांची भरती तूर्त थांबवलेली आहे आणि लीड रुजू झाल्यावर तिच्या मताने पुढे जायचं ठरलं आहे.

रिक्रूटरने सरळ उत्तर दिलं, याचं श्रेय द्यायला हवं. उत्तर टाळलं असतं तर तोही एक संकेत ठरला असता, पण नकाराला तेवढा पक्का आधार मिळाला नसता.

समोर असलेले पर्याय

सोमवारी रात्री आम्ही पुन्हा बोललो. पर्याय चार होते.

एक, गुरुवारी जायचं आणि पॅनललाच विचारायचं. वरवर हे शहाणपणाचं वाटतं. पण पॅनलमधले तिघं दुसऱ्या विभागांतले होते. त्यांच्या हातात या टीमच्या भरतीचा निर्णय नव्हता. विचारून फक्त तीच माहिती तिसऱ्यांदा मिळाली असती.

दोन, ‘सरावासाठी’ जायचं. हा सल्ला भरपूर लोक देतात. मला तो पटत नाही, आणि याचं कारण नीतीपेक्षा व्यवहार जास्त आहे. डिझाइन राउंडच्या तयारीला उमेदवाराला दोन संध्याकाळी लागणार होत्या. पॅनलचे साडेचार मनुष्यतास जाणार होते, त्याशिवाय प्रत्येकाचा अभिप्राय लिहिण्याचा वेळ. आणि राउंड चांगला झाल्यावर दिलेला नकार पलीकडे वेगळाच वाचला जातो. दुसऱ्या राउंडनंतर माघार घेतली की उमेदवाराला भूमिका पटली नाही असं लोक समजतात. चौथ्यानंतर घेतली की दुसरीकडचा आकडा वाढवायला आमचा वापर केला, असं म्हणतात. खरं काहीही असो. शिवाय मैत्रिणीच्या शिफारशीने गेलेल्या माणसाने सरावाला जाणं म्हणजे मैत्रिणीच्या खात्यावर खर्च करणं.

तीन, पुढे जायचं आणि ऑफरच्या वेळी वाटाघाटी करायच्या. यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. ऑफरच्या वेळी काय बदलू शकतं? पगार, पदनाम, रुजू होण्याची तारीख, घरून काम करण्याचे दिवस. म्हणजे एका माणसापुरत्या मर्यादित गोष्टी. टीममध्ये किती माणसं आहेत, ही बाब त्या टेबलावर ठरत नाही. ती आर्थिक वर्षाच्या मंजुरीत ठरते. ‘भरती सुरू करा, मग येते’ असं म्हणता येतं, पण भरती सुरू झाली तरी तीन माणसं शोधणं, त्यांचा नोटीस पिरियड आणि नंतर एकट्याने पाळी घेण्याइतकं तयार होणं, हे सगळं धरलं तर सहा-आठ महिने सहज जातात. तेवढे महिने तिघांचीच पाळी. वडिलांचं डायलिसिस तेवढे महिने थांबणार नव्हतं.

चार, आत्ताच माघार.

मी एक प्रश्न विचारला : “समजा वडिलांची अडचण नसती, तर गेली असतीस का?” उमेदवार बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “कदाचित गेले असते. टीम उभी करायची संधी आहे ती.” हे उत्तर महत्त्वाचं होतं. जागा वाईट होती असं नाही. एकटा, तरुण, टीम बांधायची हौस असलेला माणूस तिथे दोन वर्षांत मोठा झाला असता. जागा आणि माणूस यांचं जुळत नव्हतं, इतकंच. पत्राचा सूर याच समजुतीतून ठरला.

माघारीचं पत्र

मंगळवारी सकाळी मसुदा आला. साडेतीनशे शब्द. वडिलांच्या आजाराची हकिकत, दोनदा माफी, कंपनीचं कौतुक, पाळी कशी असावी यावर एक परिच्छेद, आणि शेवटी ‘सध्या तरी कदाचित पुढे जाणं शक्य होईलसं वाटत नाही’.

सगळ्यात मोठी चूक त्या शेवटच्या वाक्यात होती. ‘सध्या तरी’, ‘कदाचित’ आणि ‘वाटत नाही’ एकाच वाक्यात आले की रिक्रूटरला नकार दिसत नाही, शंका दिसते. शंका दूर करणं हे त्याचं कामच आहे. तो फोन करणार, समजावणार, आणि मग उमेदवार दुसऱ्यांदा, पहिल्यापेक्षा अवघड नकार देणार.

वडिलांचा उल्लेखही काढायला सांगितला. लपवण्यासारखं काही नव्हतं, पण त्या कारणाने प्रश्नाची जागा बदलत होती. ‘पाळी तिघांची आहे’ ही कंपनीकडची वस्तुस्थिती. ‘माझे वडील आजारी आहेत’ म्हटलं की अडचण उमेदवाराची होते. मग पलीकडून सहानुभूती येते, सवलत देऊ केली जाते, आणि कुठल्यातरी नोंदीत ‘कौटुंबिक कारणामुळे उपलब्धता मर्यादित’ असा शेरा पडून राहतो. दोन वर्षांनी त्याच कंपनीत दुसऱ्या जागेसाठी अर्ज केला तर तो शेरा समोर असतो. पाळीवरचा उपदेशही काढला. कुणी विचारला नव्हता.

शेवटी गेलेलं पत्र असं :

> नमस्कार,
> गुरुवारी ठरलेल्या राउंडआधी कळवते आहे, की या पदासाठीची माझी उमेदवारी मी मागे घेत आहे. तुम्ही सोमवारी दिलेल्या माहितीनुसार ऑन-कॉलची पाळी यापुढेही काही काळ तिघांत असेल. ऑन-कॉलला माझी हरकत नाही, पण इतक्या लवकर लवकर येणारी पाळी मला निभावता येणार नाही. पॅनलचा वेळ मोकळा व्हावा म्हणून आजच सांगते आहे. पुढे पाळी सहा किंवा अधिक जणांची झाली, तर या कामाबद्दल पुन्हा बोलायला मला आवडेल. प्रश्नांना स्पष्ट उत्तरं दिल्याबद्दल आभार.

कारण एकच दिलं आहे, आणि ते रिक्रूटरने स्वतः कळवलेल्या माहितीवर उभं आहे. दुसरं कारण जोडलं असतं, समजा पगार थोडा कमी वाटतो, तर पलीकडच्यांनी सोपं कारण उचललं असतं आणि पगार वाढवून विचारलं असतं. ‘सहा किंवा अधिक’ हा आकडाही मुद्दाम घातला. नुसतं ‘भविष्यात संधी असल्यास कळवा’ हे वाक्य सगळेच लिहितात आणि कुणी ते वाचत नाही. आकड्यामुळे नेमकं काय बदललं तर फोन करायचा ते कळतं. अर्थात खरंच जायची तयारी असेल तरच असं लिहावं.

फोन करावा की मेल, यावर थोडा विचार झाला. आतापर्यंतचा सगळा व्यवहार मेलवर होता आणि राउंडला दोन दिवस बाकी होते, म्हणून मेल. राउंड दुसऱ्याच दिवशी असता तर आधी फोन आणि पाठोपाठ मेल, असं सांगितलं असतं. नुसता फोन नको. नोंद राहत नाही.

पलीकडून आलेला प्रस्ताव

दोन तासांत रिक्रूटरचा फोन आला. मॅनेजरला फक्त पंधरा मिनिटं बोलायचं आहे, मुलाखत नाही, असं म्हणाला. उमेदवाराने होकार दिला. मी असतो तर विचारलं असतं, की पाळीबद्दल काही नवीन आहे का? नसेल तर त्या पंधरा मिनिटांत दोघांचाही अवघडलेपणा वाढण्यापलीकडे काही होत नाही. पण नवीन काहीतरी होतं.

मॅनेजरने सांगितलं, “पहिले सहा महिने तुम्हाला पाळीतून पूर्ण सूट देतो. तोपर्यंत माणसं भरू.”

प्रस्ताव प्रामाणिक होता असं मला आजही वाटतं. उमेदवार क्षणभर डगमगल्याही. मग त्यांच्या लक्षात आलं, की सूट त्यांना मिळणार, पण पाळी नाहीशी होणार नाही. ती त्याच दोघांवर राहणार. त्यांतला एक तो, ज्याने शुक्रवारी खरं सांगितलं होतं. नवी लीड रुजू होणार, रात्री शांत झोपणार, आणि सकाळी रात्रभर जागलेल्या दोघांना कामं वाटून देणार. टीमचा विश्वास पहिल्याच महिन्यात संपला असता. शिवाय सहा महिन्यांत माणसं भरली गेली नाहीत तर काय, याचं उत्तर नव्हतं.

त्या म्हणाल्या, “तुम्ही वाट काढायचा प्रयत्न केलात, आभारी आहे. पण लीड पाळीत नसेल आणि बाकीचे दोघं असतील, तर ती टीम मला चालवता येणार नाही. माझा निर्णय तोच आहे.” मॅनेजरने ताणलं नाही.

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. मी त्या जागी असतो तर विचारलं असतं, की लीडला सूट देण्याऐवजी लीड यायच्या आधी दोन जागांची भरती सुरू करता येईल का, आणि रुजू होण्याची तारीख त्याला बांधता येईल का. तोंडी आश्वासन नव्हे, ऑफर लेटरमध्ये लिहून. उत्तर बहुधा नाहीच आलं असतं. पण वाटाघाटीला खरी जागा असलीच तर ती इथे होती, आणि तो प्रश्न विचारलाच गेला नाही. उमेदवाराचं म्हणणं, की सहा महिन्यांचा हिशेब आधीच झाला होता, आणि त्यात पुन्हा शिरायची ताकद उरली नव्हती. तेही बरोबर आहे.

शेवट काय झाला

प्रक्रिया मंगळवारी संध्याकाळी थांबली. निदान आम्हाला तसं वाटलं. गुरुवारी अकराला पॅनलमधला एक जण व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं एकटा बसून राहिला. रिक्रूटरने भरतीच्या प्रणालीत उमेदवारी बंद केली होती, पण कॅलेंडरवरचं आमंत्रण वेगळ्या माणसाने पाठवलं होतं आणि ते तसंच राहिलं. उमेदवारानेही ते नाकारलं नव्हतं. त्या बिचाऱ्याच्या लेखी ही न कळवता गैरहजर राहिलेली उमेदवार ठरली. रिक्रूटरने खुलासा केला, पण दोन दिवसांनी.

दुसरा धक्का मैत्रिणीकडून. उमेदवाराने तिला बुधवारी रात्री निवांत फोन करायचं ठरवलं होतं. बुधवारी दुपारीच मॅनेजर तिला कॅन्टीनमध्ये भेटला आणि म्हणाला, “तुमच्या मैत्रिणीने नाही म्हटलं.” तिला काहीच माहीत नव्हतं. ती रागावली नाही, पण दुखावली. “मला आधी कळवलं असतंस तर मी काहीतरी नीट बोलले असते,” एवढंच म्हणाली.

तिसरी गोष्ट जास्त महागात पडली. ही प्रक्रिया जोरात असताना दुसऱ्या एका कंपनीला उमेदवाराने ‘दोन आठवडे थांबा’ सांगितलं होतं. ती जागा दरम्यान भरली गेली. त्यानंतर नवी नोकरी मिळायला तीन महिने लागले. ती लीडची नव्हती. वरिष्ठ इंजिनिअरचीच, पण नऊ जणांच्या पाळीत. पुढे वर्षभराने तिथेच लीडपद मिळालं.

पहिल्या कंपनीने नंतर फोन केला नाही. पाळी सहाची झाली की नाही, ते आम्हाला माहीत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या फोनमध्येच पाळीचा प्रश्न विचारायला हवा होता. ऑन-कॉल ही उमेदवारासाठी जीवनमरणाइतकी अट होती आणि तरी अर्ध्या तासात तिचा उल्लेख आला नाही. त्यांची भीती अशी, की पहिल्याच फोनवर हे विचारलं तर कामचुकार समजतील. लीडच्या जागेसाठी ही भीती निराधार आहे. पाळीत किती माणसं आहेत हे न विचारणारा लीडच मला काळजीचा वाटतो. तेव्हा विचारलं असतं तर असाइनमेंटचे सहा तास वाचले असते.

‘उत्पादन व्यवस्थेची संपूर्ण मालकी’ ही ओळ मी वाचूनही ओलांडली, ही माझी चूक. नव्या उभारणीची जागा असेल तर जाहिरातीत कोणतं काम कधीपर्यंत व्हायचं आहे, याची एखादी तरी ओळ असते. इथे तशी एकही नव्हती आणि ‘मालकी’ हा शब्द होता, म्हणजे चालू व्यवस्थेचे बिघाड रात्रंदिवस निस्तरणं. अशा ठिकाणी ‘मागच्या तीन महिन्यांत टीमने नवीन काय सुरू केलं?’ असं विचारायचं. उत्तरादाखल फक्त बिघाडांच्या हकिकती आल्या, तर काम कशाचं आहे ते कळतं.

मैत्रिणीला मेल पाठवायच्या आधी फोन करायला हवा होता. निर्णयाची परवानगी घ्यायला नव्हे. शिफारस करणाऱ्याला ती बातमी आधी तुमच्या तोंडून कळावी, एवढ्यासाठी. मेल पाठवल्यावर लगेच कॅलेंडरवरचं आमंत्रणही ‘नाही’ म्हणून परत करायचं, आणि अर्जाच्या पोर्टलवर माघारीचं बटण असेल तर तेही दाबायचं. भरतीतले तीन-चार लोक वेगवेगळ्या ठिकाणी बघत असतात, एकाचा मेल दुसऱ्यापर्यंत पोचेलच असं नाही.

आणि ऑफर हातात नसताना दुसरीकडची प्रक्रिया थांबवायची नव्हती. यावर आमचा वाद झाला. उमेदवार म्हणतात, की दोन असाइनमेंट, वडिलांचं डायलिसिस आणि चालू नोकरी हे एकाच आठवड्यात जमलं नसतं. माझं म्हणणं, की मग पाळीचा प्रश्न दोन्हीकडे पहिल्या फोनवर विचारायचा होता. असाइनमेंट एकच उरली असती.